झाकण उघडायच्या आधीची ओळ

आमच्याकडे पावडर मिसळायचा एक मोठा मिक्सर आहे, रिबन ब्लेंडर म्हणतात तो. आडवं पातेलं, आत शाफ्टवर पट्ट्यांचं वेटोळं, वर झाकण आणि खाली माल सोडायचं हवेवर चालणारं गेट. बॅच बदलली की माणसाला आत वाकून, कधी कधी पूर्ण आत उतरून खरवडावं लागतं, त्यामुळे त्याआधी मशीनचा सप्लाय पूर्ण तोडून कुलूप लावायची, म्हणजे लॉकआउट टॅगआउटची, एसओपी, म्हणजे कामाची लेखी पद्धत, आहे. चौदा पानांची. ती फाइलमध्ये असते आणि ऑडिटच्या दिवशी बाहेर येते, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून मला सांगितलं की मॅडम याची एक चेकलिस्ट करा, मशीनजवळ लटकवता येईल अशी, पण क्रम आणि वॉर्निंग यांना हात लावायचा नाही.

माझ्याआधी शिफ्ट इनचार्ज साहेबांनी स्वतःच एक करून ठेवली होती. नऊ मुद्दे, मोठा फाँट, लॅमिनेशन केलेली, दिसायला माझ्यापेक्षा शंभर पटीनं छान. त्यांचं म्हणणं सरळ होतं, नवीन कशाला करता, हीच लावा.

मी आधी एसओपीचा प्रिंट काढला आणि पेन्सिल घेऊन बसले. प्रत्येक क्रियापदाला गोल करायचा, बंद करा, लावा, थांबा, तपासा, दाबा, आणि समासात नंबर टाकत जायचं. लाल पेननं प्रत्येक वॉर्निंग अधोरेखित करायची आणि ती कोणत्या नंबरच्या कामासाठी आहे ते बाजूला लिहायचं. हे कंटाळवाणं काम आहे पण याला शॉर्टकट नाही, कारण लांब एसओपीत एका वाक्यात तीन कामं लपलेली असतात, "आयसोलेटर बंद करून कुलूप लावून टॅग भरावा" म्हणजे तीन वेगळे टिक आहेत, एक नाही. आयसोलेटर म्हणजे मशीनचा सप्लाय तोडणारा मुख्य स्विच. कुलूप लावलं आणि टॅग राहिला असं रोज होऊ शकतं आणि एका ओळीला एकच टिक असेल तर ते कागदावर दिसतच नाही.

मग ते नंबर आणि साहेबांचे नऊ मुद्दे शेजारी ठेवले. बरंच काही गळलं होतं, पण गळलेलं लगेच दिसतं. मला खटकलं ते सरकलेलं. त्यांच्या यादीत असं होतं: आयसोलेटर बंद, कुलूप, पाच मिनिटं थांबा, झाकण उघडा, मग स्टार्ट दाबून खात्री करा. एसओपीत झाकण उघडायचं काम खात्रीच्या नंतर होतं. मी विचारलं तर म्हणाले, अहो तशीही पाच मिनिटं थांबायचंच आहे, तेवढ्यात झाकण उघडून धूळ बसू देतो, वेळ वाचतो, सगळ्या स्टेप तर आहेतच ना.

सगळ्या होत्या खऱ्या. आणि कागदावर भांडून काही होणार नव्हतं, म्हणून आमचे इलेक्ट्रिशियन काका, ज्यांना त्या पॅनलची वायर न् वायर पाठ आहे, त्यांनी सांगितलं चला मशीनवर दाखवतो. मिक्सर रिकामा होता. काकांनी सगळ्यांना पिवळ्या पट्ट्याच्या मागे उभं केलं, कुठेही कुलूप लावलं नाही, आयसोलेटर चालू, मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हचा डिस्प्ले चालू, म्हणजे मशीनला पूर्ण सप्लाय. झाकण उघडलं, मागे आले आणि साहेबांना म्हणाले दाबा स्टार्ट.

काहीच नाही. साधं टक्क सुद्धा नाही. काका म्हणाले, झाली खात्री? मग झाकण लावलं, परत स्टार्ट दाबायला सांगितलं आणि आतली रिबन गरागरा फिरायला लागली.

झाकणाला लिमिट स्विच आहे. झाकण उघडं असेल तर कंट्रोल सर्किटच मशीनला चालू होऊ देत नाही, सप्लाय असो वा नसो. म्हणजे झाकण उघडून स्टार्ट दाबणं ही खात्री नव्हेच, उत्तर आधीच ठरलेलं आहे. आणि ही खात्री मुळात कशासाठी असते तर चुकीचा आयसोलेटर बंद झालाय का ते पकडायला. आमच्याकडे दोन मिक्सर शेजारी शेजारी, दोघांचे आयसोलेटर एकाच रांगेत, हँडल सारखीच. एखाद्यानं घाईत शेजारच्याला कुलूप लावलं आणि इलेक्ट्रिशियननं टेस्टरही त्याच शेजारच्या पॅनलवर धरला तर टेस्टर प्रामाणिकपणे शून्य दाखवणार. ती चूक पकडणारी एकच गोष्ट उरते, मशीनवरचं बटण, आणि तीसुद्धा झाकण लावलेलं असेपर्यंतच. त्यानंतर लिमिट स्विचच्या भरवशावर माणूस आत, आणि तो स्विच अडकला किंवा कोणी दाबून धरला की संपलं.

हाच न्याय इमर्जन्सी स्टॉपला. एसओपीत मशीन नेहमीच्या स्टॉप बटणानं थांबवा असं स्पष्ट आहे. साहेबांच्या यादीत नुसतं "मशीन बंद करा" होतं, आणि पोरं सवयीनं लाल मशरूम बटणच ठोकतात, ते दाबलेलं राहिलं तर नंतरचं स्टार्टही खोटंच उत्तर देणार. तिथे "नेहमीच्या स्टॉप बटणानं" हे तीन शब्द मी काही झालं तरी कापणार नव्हते. (मशीनला हवेच्या प्रेशरचाही इंटरलॉक असता तर खात्री हवेचा व्हॉल्व्ह बंद करायच्या आधी घ्यावी लागली असती. आमच्या मिक्सरला तो नाही, म्हणून शेजारच्या प्लांटची यादी उचलून इथे लावता येत नाही.)

त्या दिवसानंतर साहेब क्रमावर काही बोलले नाहीत, पण टेस्टरवर अडले. एसओपीत टेस्टर तीनदा येतो. आधी तो माहीत असलेल्या चालू पॉइंटवर लावून बघायचा, मग आपल्या टर्मिनलवर, मग परत त्याच चालू पॉइंटवर. साहेब म्हणाले पहिली आणि तिसरी एकच गोष्ट आहे, एकत्र करा. पण टेस्टर नेमका मधल्या वेळात मेला, बॅटरी गेली, प्रोबची वायर तुटली, तर मधलं शून्य हे मशीनचं नाही, टेस्टरचं असतं, आणि ते फक्त तिसऱ्यांदा लावल्यावर कळतं. तेव्हा तीन ओळी राहिल्या. शिवाय तिसऱ्याच्या खाली एक वाक्य, टेस्टर चालला नाही तर दुसरा आणून पुन्हा पहिल्यापासून, कारण नंबर घातलेल्या यादीत माणूस अडला की त्याला परत कुठल्या नंबरवर जायचं ते लिहून द्यावंच लागतं, नाहीतर तो पुढेच जातो.

वॉर्निंगचा प्रश्न वेगळा होता. एसओपीत बहुतेक वॉर्निंग तिसऱ्या पानावर "खबरदारी" म्हणून एकगठ्ठा होत्या आणि ज्या कामासाठी आहेत ते काम नवव्या पानावर. तशाच वर ठेवल्या तर कोणी वाचत नाही, खाली आणल्या तर क्वालिटीवाले म्हणणार क्रम बदलला. शेवटी ठरलं असं की शब्द जसेच्या तसे, एक अक्षर इकडचं तिकडे नाही, कामांचा क्रम तोच, फक्त वॉर्निंग तिच्या कामाच्या लगेच वर चौकटीत येणार, आणि बाजूला एसओपीच्या कलमाचा नंबर. वर म्हणजे वरच. "हवा सोडताना गेट अचानक हलू शकतं, हात लांब ठेवा" हे हवा सोडायच्या ओळीनंतर आलं तर वाचणाऱ्याचा हात तोवर गेटजवळच असतो.

वॉर्निंगला नंबर दिला नाही. नंबर दिला की समोर टिकची जागा येते आणि लोक ती काम म्हणून टिक करून टाकतात, वाचत नाहीत. मधला भाग शेवटी असा झाला:

११. आयसोलेटरला स्वतःचं कुलूप लावा.
१२. टॅगवर नाव, तारीख, वेळ लिहा आणि लावा.
वॉर्निंग: डिस्प्ले बंद झाला म्हणजे चार्ज संपला असं समजू नका.
१३. घड्याळ लावून ५ मिनिटं थांबा.
१४. टेस्टर चालू पॉइंटवर तपासा.
१५. ड्राइव्हच्या इनपुटवर आणि डीसी टर्मिनलवर व्होल्टेज नाही हे तपासा.
१६. टेस्टर परत चालू पॉइंटवर तपासा. चालला नाही तर दुसरा टेस्टर घेऊन १४ पासून.
१७. झाकण बंद आहे आणि जवळ कोणी नाही हे बघून स्टार्ट दाबा. मशीन फिरता कामा नये.
१८. कंट्रोल परत ऑफवर आणा.
१९. आता झाकण उघडा.

तेराच्या वरची वॉर्निंग आधी मलाही जरा जास्तीची वाटली होती, काकांनी समजावलं. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये आतल्या कपॅसिटरवर साधारण ५८५ व्होल्ट डीसी असतं, सप्लाय तोडला तरी ते हळूहळू उतरतं, आणि डिस्प्ले त्याआधीच विझू शकतो. "डिस्प्ले बंद झाल्यावर थांबा" असं छोटं केलं असतं तर वाक्य सुटसुटीत झालं असतं आणि वाचणाऱ्यानं डिस्प्लेलाच घड्याळ समजलं असतं.

मग कापलं काय? व्याख्या, जबाबदाऱ्यांचा तक्ता, का करायचं याची स्पष्टीकरणं, "योग्य ती काळजी घेऊन" छापाचे सगळे शब्द. ते मूळ एसओपीत आहेत, तिथेच राहू देत. एकोणिसावर "आता" तेवढा ठेवला, क्वालिटीवाल्यांनी विचारलं हा शब्द कशाला, मी म्हटलं तो राहू द्या.

चेकलिस्ट नऊ ओळींची झाली नाही, पुढचं-मागचं पान भरलं. साहेबांना अजूनही ती लांब वाटते आणि त्यांचं अगदीच चूक नाही, रात्रपाळीला दोन पानं भरताना लोक एकदम शेवटी बसून टिक मारतात. त्यावर उपाय म्हणून सतराव्या ओळीला टिकऐवजी वेळ आणि स्टार्ट दाबणाऱ्याची सही ठेवली, आणि एकोणिसाव्याला परत वेळ. दोन्ही वेळा एकच असल्या तर सुपरवायझरला मशीनवर जाऊन विचारायचं असतं.

मध्ये त्या मिक्सरचा ड्राइव्ह बदलला. नवीन ड्राइव्हच्या लेबलवर थांबायची वेळ दहा मिनिटं होती. एकानं पेननं पाचाचे दहा केले, काम चांगल्या मनानं केलेलं, पण कागदाच्या खाली एसओपीची रिव्हिजन छापलेली असते आणि ती जुनी होती. आम्ही ते कागद त्याच दिवशी उतरवले, आधी एसओपीत दहा मिनिटं केली, मग चेकलिस्ट नवीन छापली, तोवर मिक्सरची साफसफाई काका समोर उभे असल्याशिवाय करायची नाही असं ठरलं. साहेब म्हणाले एका आकड्यासाठी बॅच अडली. अडली खरी.