पांढऱ्या शर्टाची काख पिवळी पडत होती, ती कशी साफ केली - माझा अनुभव

ऑफिसला मला आठवड्यातले बरेच दिवस पांढरा शर्ट लागतो आणि ठाण्याहून लोकलने जायचं म्हणजे शर्ट ऑफिसात पोचेपर्यंत भिजलेलाच असतो. वर्षभरात कॉटनच्या चांगल्या शर्टांच्या काखा पिवळ्या पडल्या, बाकी शर्ट अगदी नव्यासारखा. त्यात आमचे इस्त्रीवाले काका एकदा म्हणाले, "दादा, शर्ट धुतलेला दिसतो पण काखेवर इस्त्री फिरवली की वास उठतो." तेव्हा मी नीट बघितलं, तर तेवढा भाग हाताला पुठ्ठ्यासारखा कडक लागत होता आणि पाण्याचा थेंब टाकला तर लगेच आत मुरत नव्हता. म्हणजे नुसता डाग नाही, कापडात काहीतरी बसलंय.

घामाला स्वतःचा असा पिवळा रंग नसतो आणि ताज्या घामाला फारसा वासही नसतो. पण काखेतल्या घामात प्रोटीन आणि तेलकट पदार्थ असतात, कातडीवरचे जंतू ते फोडतात तेव्हा वास येतो. माझ्या रोल-ऑनच्या मागे बारीक अक्षरात ॲल्युमिनियम क्लोरोहायड्रेट लिहिलेलं होतं, म्हणजे ते घाम थांबवणारं अँटीपर्स्पिरंट, नुसत्या सुगंधी डिओमध्ये हे नसतं. हा ॲल्युमिनियमचा क्षार घामातल्या प्रोटीनला आणि तेलाला धरून कॉटनच्या धाग्यात बसतो, साध्या धुण्याने निघत नाही, दर वेळी नवा थर चढतो आणि वासही त्यातच अडकून राहतो.

ब्लीचचं आधी सांगतो, कारण सगळे पहिलं तेच सुचवतात. एक शर्ट लाँड्रीतून क्लोरीन ब्लीच होऊन आला आणि काखा आधीपेक्षा जास्त पिवळ्या झाल्या होत्या. प्रोटीनवर क्लोरीन गेलं की असं होतं, त्यामुळे या डागाला ते नकोच. आणि क्लोरीन ब्लीच लिंबू, व्हिनेगर अशा कुठल्याही आंबट गोष्टीत चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

मी सुरुवात लिंबूसत्वाने केली, किराणा दुकानात मिळतं ते. १ लिटर कोमट पाण्यात २ मोठे चमचे विरघळवले, शर्ट उलटा करून फक्त काखेचा भाग तासभर त्यात ठेवला आणि मग जुन्या मऊ टूथब्रशने आतल्या बाजूने हळूहळू घासलं. आंबटपणाने ॲल्युमिनियमचा क्षार सुटा होतो. बोटांना कडकपणा गेलेला कळला की हा टप्पा झाला समजायचं, रंग अजून पिवळाच दिसतो, त्याने घाबरू नका. मग भरपूर पाण्याने खळबळून घ्या, आंबट पाणी कापडातच वाळलं तर धागा कमजोर होतो.

त्यानंतर सोडियम परकार्बोनेट, ऑक्सिजन ब्लीच म्हणून पावडर मिळते ती. हात जेमतेम घालवेल एवढ्या गरम पाण्यात लिटरला १ मोठा चमचा, ग्लोव्हज घालून कालवायचं आणि शर्ट चार-पाच तास बुडवून ठेवायचा. गार पाण्यात हे जवळपास कामच करत नाही. उरलेलं पाणी बाटलीत बंद करून ठेवू नका, गॅस होऊन बाटली फुटू शकते. खूप जण लिंबू आणि सोडा एकत्र करून लावतात, फेस छान येतो पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून टाकतात, म्हणून हे दोन टप्पे वेगळेच हवेत आणि मध्ये खळबळणं हवंच.

शेवटी मशीनमध्ये ४० डिग्रीवर धुतलं. आधी आम्ही साबणाची वडी वापरायचो, पण सोसायटीत बोअरचं जड पाणी येतं, त्यात साबणाचा चिकट थर कपड्यावर राहतो आणि वास धरून ठेवतो. आता पाकिटावर एन्झाइम लिहिलेली पावडर घेतो, प्रोटीन आणि तेल फोडायचं काम ते एन्झाइम करतात. पांढऱ्यासाठी लिक्विडपेक्षा पावडर बरी, कारण पावडरमध्ये ऑक्सिजन ब्लीच असू शकतं, साध्या लिक्विडमध्ये ते टिकत नाही. फॅब्रिक सॉफ्टनर मात्र बंद केलं, त्याचाही थर बसतो. रेशीम आणि लोकरीला हे काहीच करू नका, एन्झाइम आणि परकार्बोनेट त्यांचा धागाच खातात.

वाळल्यावर आधी उन्हात नेऊन बघायचं, पिवळं दिसलं तर इस्त्री न करता सगळं परत करायचं, कारण उष्णतेने उरलेला डाग पक्का होतो. बहुतेक शर्ट दुसऱ्या फेरीत साफ झाले, इस्त्रीतला वासही गेला. ब्लीच झालेल्या त्या शर्टावर मात्र फिकट सावली राहिली. टेरिकॉटच्या एका शर्टाचा डाग गेला पण वास पूर्ण गेला नाही, पॉलिस्टर तेलकट घाम सोडत नाही, म्हणून आता रोजच्यासाठी कॉटनच घेतो. रोल-ऑन रात्री कोरड्या काखेला पातळ लावतो, तेव्हा घाम कमी असल्याने ते कामही जास्त करतं आणि सकाळी शर्टाला ओलं लागत नाही. घरी आल्यावर शर्ट टोपलीत टाकायच्या आधी काखा गार पाण्याखाली धरतो, मिनिटभराचं काम आहे.