दोनशे साठ रुपयांचं मुद्दल

एप्रिल २०२३ चा तिसरा आठवडा. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या एका बँक शाखेत मी तेव्हा कर्ज विभाग सांभाळत होते. आयकर विवरणासाठी गृहकर्जाच्या व्याजाचा दाखला न्यायला एक जोडपं आलं. यजमान कारखान्यात सुपरवायझर, वय अडतीस. दाखला घेऊन माणसं लगेच निघतात, पण या बाई खुर्चीवरून हलेनात. त्यांनी पिशवीतून वही काढली.

"मॅडम, सप्टेंबर एकवीसमध्ये तीस लाख घेतले. मार्च बावीसपर्यंतच्या सहा हप्त्यांत छत्तीस हजार मुद्दल फिटलं. आता हा पूर्ण वर्षाचा दाखला, बारा हप्त्यांचा. त्यात मुद्दल फक्त अडतीस हजार. हप्ता तर एकही चुकवला नाही आम्ही."

वहीतले आकडे बरोबर होते: आधी ३६,१२१ आणि नंतर ३८,३०९. मी म्हटलं, दर वाढलेत, त्यामुळे व्याज जास्त गेलं. हे उत्तर आम्ही त्या महिन्यांत दिवसातून अनेकदा देत होतो. त्यांना ते पुरेसं वाटलं नाही, म्हणून मी खात्याचं नवं रीपेमेंट शेड्यूल छापायला टाकलं. प्रिंटर थांबेना. पहिल्या ओळीत एप्रिलचा हप्ता होता: २२,८११ रुपये, त्यातलं व्याज २२,५५१ आणि मुद्दल २६०. शेवटच्या पानावर शेवटच्या हप्त्याची तारीख ऑक्टोबर २०७१ अशी होती.

त्यांच्या यजमानांनी तारीख दोनदा वाचली आणि म्हणाले, "मॅडम, तेव्हा मी शहाऐंशी वर्षांचा असेन."

छपाईत चूक असेल असं मलाही क्षणभर वाटलं. खातं उघडून दराचा इतिहास बघितला. कर्ज ६.७५ टक्क्यांनी दिलेलं: रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, ४ टक्के आणि वर आमचे २.७५. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो ६.५० वर नेला. आमच्या करारात दर तिमाहीच्या पहिल्या तारखेला दर बदलतो. म्हणून जुलैपासून ७.६५, ऑक्टोबरपासून ८.६५, जानेवारीपासून ९ आणि एप्रिलपासून ९.२५. हप्ता मात्र २२,८११ चाच राहिला, कारण आमची प्रणाली हप्ता स्थिर ठेवून मुदत वाढवते. कर्जदाराच्या वयाशी मुदत ताडून बघणं मंजुरीच्या वेळी व्हायचं, दर बदलताना नाही. ग्राहकाला एसएमएस जायचा की तुमचा व्याजदर इतका झाला आहे. मुदत किती लांबली याचा त्यात एक शब्दही नसे. ही लपवाछपवी नसेलही, पण परिणाम तोच होता.

३१ मार्चची बाकी होती २९,२५,५७०. त्यावर ९.२५ टक्क्यांचा बारावा हिस्सा म्हणजे महिन्याचं व्याज २२,५५१. हप्त्यातून आधी व्याज वजा होतं आणि उरेल ते मुद्दलात जातं. उरले २६०. पुढच्या महिन्यात बाकी २६० नी कमी, म्हणून व्याज दोन रुपयांनी कमी, म्हणून मुद्दल २६२. हे असं रांगत रांगत जातं आणि ५८३ हप्ते लागतात. शेड्यूल चोख होतं.

यजमानांचा मुद्दा वेगळा होता आणि माझ्या मते तोच खरा प्रश्न होता. "आमचे दोनशे चाळीसपैकी अठरा हप्ते झाले, दोनशे बावीस राहिले. गुणाकार करा, पन्नास लाख चौसष्ट हजार होतात. तुमची बाकी एकोणतीस लाख. म्हणजे एकवीस लाख जास्तच देतोय की! मग मुदत वाढवायचं काय कारण?"

हे मी आजवर टाळलेलं स्पष्टीकरण होतं. काउंटरवर कोणी एवढा वेळ देत नाही. पण दुपारची वेळ होती आणि गर्दी ओसरली होती. मी कागद ओढला.

पुढच्या महिन्यात मिळणारे २२,८११ आणि साडेअठरा वर्षांनी मिळणारे २२,८११ बँकेच्या लेखी सारखे नसतात. आज हातात रक्कम असती तर तिच्यावर महिन्याला व्याज मिळालं असतं. म्हणून पुढच्या प्रत्येक हप्त्याला तितक्या महिन्यांच्या व्याजाने भागून आजच्या किमतीला आणायचं. ९.२५ टक्क्यांनी महिन्याचा गुणक १.००७७०८३. एक महिन्यानंतरच्या हप्त्याची आजची किंमत २२,६३७ रुपये. दोनशे बाविसाव्या हप्त्याला त्याच गुणकाने दोनशे बावीस वेळा भागायचं, आणि हातात राहतात ४,१४८. अशा सगळ्या हप्त्यांच्या आजच्या किमतींची बेरीज म्हणजे त्या हप्त्यांच्या मालिकेचं वर्तमान मूल्य. सूत्र एका ओळीचं आहे, त्यात EMI म्हणजे हप्ता, r म्हणजे महिन्याचा व्याजदर आणि n म्हणजे उरलेले हप्ते:

```
PV = EMI × (1 − (1+r)^−n) / r
```

आणि मुख्य गोष्ट ही की कर्जाची बाकी आणि हे वर्तमान मूल्य एकच असावं लागतं. कर्ज दिलं त्या दिवशी २४० हप्त्यांचं ६.७५ टक्क्यांनी वर्तमान मूल्य बरोबर तीस लाख येतं. २२,८११ हा आकडा त्यासाठीच निवडलेला असतो. दर बदलला नसता तर अठरा हप्त्यांनंतर उरलेल्या २२२ हप्त्यांचं मूल्य २८,८८,००० च्या आसपास आलं असतं आणि बाकीही नेमकी तितकीच दिसली असती. दोन्हींची जोडी कधी तुटत नाही.

दर बदलला की मात्र तुटते. मी एक्सेलमध्ये त्यांच्यासमोर तीन ओळी टाकल्या:

```
=PV(9.25%/12, 222, -22811)
=PMT(9.25%/12, 222, -2925570)
=NPER(9.25%/12, -22811, 2925570)
```

पहिलीचं उत्तर २४,२१,१८५. म्हणजे तुमचे उरलेले हप्ते आता चोवीस लाखांचेच, आणि बाकी सव्वाएकोणतीस लाखांची. मध्ये ५,०४,३८५ चं भगदाड. पन्नास लाखांचा गुणाकार चुकीचा नव्हता, पण तो वेगवेगळ्या वर्षांचे रुपये एकत्र मोजत होता.

भगदाड बुजवायचे मार्ग तीनच. पाच लाख चार हजार आज भरा, मग हप्ता आणि मुदत दोन्ही जुनेच राहतात. किंवा मुदत जुनी ठेवा आणि हप्ता वाढवा. दुसऱ्या ओळीचं उत्तर २७,५६३. किंवा हप्ता जुना ठेवा आणि शेवटी हप्ते जोडत जा. तिसऱ्या ओळीचं उत्तर ५८२.८. प्रणालीने गुपचूप तिसरा मार्ग धरला होता. लांबचे हप्ते आज जवळजवळ काहीच मोलाचे नसतात, म्हणून पाच लाखांची तूट भरायला ३६१ जादा हप्ते लागले.

बाईंनी विचारलं, "मग दीड लाख भरले तर? भिशीचे आणि बोनसचे मिळून आहेत."

मी बाकी २७,७५,५७० टाकली. उत्तर आलं ३६२ हप्ते. दीड लाखाने २२१ हप्ते गेले. दोघं एकमेकांकडे बघायला लागले. यजमान म्हणाले, "दोनशे एकवीस गुणिले बावीस हजार... पन्नास लाख वाचले?" मी हसून मान हलवली. शेपटीचे जे २२१ हप्ते गळाले, त्या सगळ्यांचं आजचं मूल्य मिळूनच दीड लाख होतं. बँकेने काही सोडलं नव्हतं. "पन्नास लाख वाचवा" असं सांगणारे सल्लागार हे वाक्य नेहमी गाळतात. पण निवृत्तीनंतर हप्ते भरायचे नाहीत, ही गोष्ट खरी आणि ती वर्तमान मूल्यात मोजता येत नाही.

मग आम्ही उलट बाजूने बसलो. त्यांची निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे २०४३ मध्ये. नुसता हप्ता २५,००० केला तर ३०३ हप्ते होत होते. दीड लाख भरून २५,००० ठेवला तर २५३, आणि २५,५०० ठेवला तर २३८. म्हणजे जानेवारी २०४३. घरखर्चाची वही बाईंकडे होती. त्यांनी पेन्सिलने काहीतरी खोडलं, बेरीज केली आणि २५,५०० वर बोट ठेवलं.

मी अर्ज लिहून घेतला. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी भरायला बँका दंड लावू शकत नाहीत, हेही सांगितलं, कारण त्या भीतीनेच भिशीचे पैसे घरात पडून होते. हप्ता वाढवायचा तर खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी, म्हणजे NACH मँडेट, नव्या रकमेला पुरते का ते बघावं लागतं. त्यांच्या मँडेटची कमाल मर्यादा २५,००० होती, त्यामुळे नवीन सही घ्यावी लागली. हे विसरलं की पहिलाच वाढीव हप्ता परत येतो आणि सिबिलवर डाग पडतो.

ती दोघं गेल्यावर मी उरलेली दुपार दुसऱ्याच कामात घालवली. त्या खात्याचा वर्षाचा हप्ता भागिले बाकी केलं तर ९.३६ टक्के येत होते. हा काठ. दर याच्या वर गेला की हप्ता व्याजालाही पुरत नाही, बाकी वाढू लागते आणि NPER चूक दाखवतो, कारण अनंत हप्ते भरूनही त्यांचं मूल्य बाकीएवढं होत नाही. या खात्याला काठापर्यंत शेकडा अकरा पैसेच उरले होते. ६ एप्रिलला रिझर्व्ह बँकेने रेपो वाढवला नाही म्हणून, नाहीतर पाव टक्क्याने दर ९.५० झाला असता. शिवाय या खात्यावर व्याज दर महिन्याला वार्षिक दराच्या बाराव्या हिश्श्याने लागतं. रोजच्या बाकीवर लागत असतं, तर ३१ दिवसांच्या मे महिन्यात व्याज २२,९८२ झालं असतं, हप्त्यापेक्षा जास्त.

शाखेची सगळी फ्लोटिंग गृहकर्जं मी या एका भागाकाराने चाळली. जुनी कर्जं सुखरूप होती. त्यांच्या हप्त्यात मुद्दलाचा वाटा आधीच मोठा होता. काठावर होती ती बहुतेक २०२१ मधली, सर्वांत स्वस्त दराने वीस-पंचवीस वर्षांसाठी घेतलेली. ज्यांना सर्वांत कमी हप्ता मिळाला, त्यांच्याकडेच दर वाढ सोसायला सर्वांत कमी जागा होती. यादी विभागीय कार्यालयाला पाठवली. तिकडून उत्तर आलं की प्रणालीप्रमाणे चालू द्या. मी माझ्या शाखेतल्यांना एकेक फोन केले. काहींनी हप्ता वाढवला, काहींनी नाही.

१८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं. दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत की दोन्ही, हे कर्जदाराला विचारा. आतापर्यंत वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, उरलेले हप्ते आणि दर हे सगळं दर तिमाहीला कळवा. आणि मुदत अशी लांबवू नका की बाकी उलट वाढू लागेल. जुन्या कर्जांनाही हे डिसेंबरअखेर लागू करायचं होतं. विभागीय कार्यालयातून मला फोन आला: एप्रिलमध्ये पाठवलेली ती यादी अजून आहे का?