पंधराशेचे नऊशे दहा

आमच्या शाखेत गुरुवारी दम घ्यायला फुरसत नसते. यवतमाळ जिल्ह्यातलं हे गाव तसं मोठं, त्यात गुरुवारचा बाजार आणि नोव्हेंबरात कापसाचे चुकारे जमा व्हायला लागलेले. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं एकाच फेरीत बाजार आणि बँक, दोन्ही उरकून घेतात. त्या दिवशी पासबुक छापायचं मशीनही बंद होतं. दुपारी दीडच्या सुमारास एक मावशी माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या आणि त्यांनी पासबुक माझ्याकडे सरकवलं.

"मॅडम, माह्या खात्यातले पैसे कोन कापून रायलं जी? दोन खेपा येऊन गेली म्या. कंपनीले सांगा म्हनते. कंपनी कोनती, थेच मले ठाव नाई."

'कंपनीला सांगा' हे उत्तर आमच्याच शाखेतलं. हेच उत्तर मीही कितीदा दिलं असेल. गर्दीत ते तोंडात पटकन येतं, कारण निम्म्या वेळा ते खरंही असतं. पण कंपनीकडे बंद करायची सोयच नसेल किंवा असूनही चालत नसेल, तर माणसानं कुठं जायचं? त्या दिवशी मी सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढून बसले.

जून, जुलै, ऑगस्ट, तिन्ही महिन्यांत 5 तारखेला 599 रुपये गेलेले. सप्टेंबरात 599 नव्हते, पण 295 चा दंड होता. ऑक्टोबरात असे 295 दोनदा. मग 3 नोव्हेंबरला एकतीस हजारांच्या वर कापसाचा चुकारा जमा झाला आणि 5 तारखेला परत 599. बेरीज केली. 599 चे चार हप्ते म्हणजे 2396, दंडाचे 885, एकूण 3281 रुपये.

295 कुठून आले, ते आधी सांगते. कंपनीनं वसुली मागितली आणि खात्यात तेवढी शिल्लक नसली की मागणी परत जाते आणि बँक त्याचे 250 रुपये लावते. त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 45. मावशींच्या मुलानं शक्कल लढवली होती की खातं रिकामं ठेवू, म्हणजे कापायला काही उरणारच नाही. लाडक्या बहिणीचे पंधराशे आले की त्याच दिवशी काढून आणायचे. पण दंड खात्यावर बाकी राहतो आणि पुढचे पैसे जमा होताच आधी तो वळता होतो. सप्टेंबरात पंधराशेतले हातात 1205 आले. ऑक्टोबरात कंपनीनं 5 तारखेला मागितले, मिळाले नाहीत म्हणून 8 तारखेला परत मागितले. दंड दोनदा लागला आणि पंधराशेचे नऊशे दहा झाले. मावशींना वाटलं, सरकारनंच पैसे कमी केले.

"पोराले फोन लावा," मी म्हणाले. पोरगा बाजारातच होता, दहा मिनिटांत आला. पोलीस भरतीची तयारी करतो. मे महिन्यात एका अॅपवर सराव परीक्षांचं मासिक सभासदत्व घेतलेलं. त्याच्या स्वतःच्या खात्याला एटीएम कार्ड नाही, म्हणून आईचं वापरलं. कार्डाचा नंबर टाकला, ओटीपी टाकला, झालं. ऑगस्टमध्ये बंद करायला गेला तर 'Cancel membership' दाबल्यावर चक्र फिरत राहायचं आणि शेवटी 'Something went wrong' यायचं. आठवडाभर रोज दाबून पाहिलं, कस्टमर केअरच्या मेलला उत्तर नाही. मग त्यानं अॅप काढून टाकलं. तरी सप्टेंबरात मागणी आलीच, तेव्हा एटीएम कार्ड बंद करून नवं मागवलं.

"कार्ड नवं आलं तरी कटतेच कसे मॅडम?"

ही गाठ सुटली की बाकीचं सोपं होतं. पैसे कार्डातून जातच नव्हते. स्टेटमेंटमध्ये 599 च्या समोर ACH असं छापलेलं होतं. म्हणजे ही नॅच या बँकांच्या सामाईक यंत्रणेतून होणारी वसुली, थेट खाते क्रमांकावर नोंदवलेली. कार्ड आणि ओटीपी मे महिन्यात फक्त एकदा लागले, खातं याच माणसाचं आहे हे पटवायला. सहीऐवजी कार्ड वापरलं म्हणा हवं तर. सही केलेलं पेन फेकून दिलं म्हणून कागद रद्द होत नाही.

नोंद युपीआयवर असती तर मी त्याला फोनच उघडायला लावला असता. ज्या युपीआय अॅपवरून परवानगी दिली, तिथं ऑटोपेच्या यादीत जाऊन पिन टाकून ती रद्द करता येते. कार्डावरची स्थायी सूचना रद्द करायची सोय कार्ड देणाऱ्या बँकेकडे असते. या दोन्हींत रिझर्व्ह बँकेच्या नियमानं पैसे कापायच्या 24 तास आधी सूचना यावी लागते. नॅच त्या नियमात बसत नाही. पैसे गेल्यावर मेसेज येतो, तोही खात्याशी जोडलेल्या मोबाइलवर. इथं तो नंबर पोराचाच होता आणि त्यानं ते मेसेज आईपासून दडवलेले. मी काही बोलले नाही. मावशींनी मात्र त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्यानं मान वर केली नाही.

आता मँडेट, म्हणजे खात्यातून पैसे कापायची ती परवानगी, रद्द करायचं. ज्या बँकेत खातं आहे ती बँक खातेदाराच्या अर्जावरून ते रद्द करू शकते, कंपनीचं बटण चालो न चालो. प्रत्येक मँडेटला 20 अक्षर-आकड्यांचा एक क्रमांक असतो, युएमआरएन म्हणतात त्याला. तो मिळाला की काम अर्धं झालं. मी संगणकावर खात्याची मँडेटं उघडली आणि दोन निघाली.

इथं मी घाई केली, हे कबूल करते. एका मँडेटवर एका फायनान्स कंपनीचं अनोळखी नाव होतं. दुसऱ्यावर पैसे गोळा करून देणाऱ्या एका मोठ्या पेमेंट कंपनीचं, जिचं नाव रोज डोळ्यांसमोरून जातं. अॅपचं नाव कुठंच नाही. मला वाटलं, अनोळखी नाव तेच चोर. अर्जावर त्याचाच क्रमांक लिहिला आणि सही घ्यायला कागद मावशींकडे वळवला. तेवढ्यात त्या मँडेटवरची रक्कम पाहून पोराला विचारलं, "1460 कशाचे जातात?"

"थे तं मशीनचे व्हय जी," मावशी म्हणाल्या. "शिलाई मशीन घेतली ना हप्त्यानं. दर एक तारखेले पैसे भरते म्या, दोन तारखेले कटते."

कागद फाडला. कर्जाच्या हप्त्याचं मँडेट रद्द झालं असतं तर कर्ज काही रद्द झालं नसतं. पुढचा हप्ता चुकला असता, कंपनीचा दंड लागला असता, वसुलीवाला दारात आला असता आणि सिबिलमध्ये नोंद झाली असती ती वेगळीच. सात हप्ते राहिलेले आणि आजवर एकही चुकला नव्हता. अॅपवाल्या छोट्या कंपन्या बहुतेकदा अशा पेमेंट कंपनीमार्फत वसुली करतात आणि स्टेटमेंटवर तिचंच नाव छापून येतं. तेव्हा नाव पाहून ओळखायला जाऊ नये. रक्कम आणि तारीख जुळवावी. दुसरं मँडेट उघडलं. दरमहा, जूनपासून, 5 तारीख. रक्कम मात्र 599 नव्हती, 'कमाल 5000' होती.

"मी तं पाचशे नव्याण्णववरच ओके केलतं," पोरगा म्हणाला. केलं असेल. पण मँडेटवर बहुतेकदा वरची मर्यादा लिहिलेली असते आणि त्या मर्यादेच्या आत कंपनी किती मागेल ते बँक तपासत नाही. उद्या सभासदत्वाचे दर वाढवून 999 मागितले असते, तरी गेले असते.

अर्ज परत लिहिला. खाते क्रमांक, युएमआरएन, स्टेटमेंटवर दिसणारं कंपनीचं नाव, कमाल रक्कम आणि 'हे मँडेट रद्द करावे, यापुढील वसुली मला मान्य नाही' एवढं एक वाक्य. खातं मावशींचं, म्हणून सही त्यांची. एकेक अक्षर जोडत त्यांनी ती केली. पोच म्हणून प्रतीवर शिक्का मारला, तारीख घातली. मी नोंद टाकली, मॅनेजर साहेबांनी तपासून मंजूर केली. तोवर साडेतीन झाले होते आणि मागची रांग माझ्या नावानं काय काय बोलत होती, ते मला ऐकू येत होतं.

पोराला दोन कामं सांगितली. अॅप परत टाकून ते फिरणारं चक्र आणि खालचा संदेश यांचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढायचा, आणि कंपनीला मेल करायचा की सभासदत्व बंद समजावं, बँकेतलं मँडेट रद्द केलं आहे. मँडेट रद्द केल्यानं वसुलीची वाट बंद होते, कंपनीशी झालेला करार नाही. उद्या कोणी थकबाकी काढलीच तर हातात कागद असावा.

आणि मावशींना म्हणाले, पोच म्हणजे काम झालं असं नाही. सोमवारी या. आमच्याकडून विनंती नॅचच्या यंत्रणेत जाते आणि तिथून रद्द झाल्याची स्थिती परत यावी लागते. कधी ती नामंजूर होऊन पडून राहते आणि खातेदार पोच जपून निवांत असतो. पुढच्या 5 तारखेला अजून दोन आठवडे होते, म्हणून धीर होता. 4 तारखेला आल्या असत्या तर मी काहीच खात्री दिली नसती, मागणीची फाईल आधीच निघालेली असू शकते. सोमवारी मी स्क्रीनवर 'Cancelled' पाहिलं तेव्हाच त्यांना तसं सांगितलं.

दंडाचं राहिलंच. बँकेच्या दरपत्रकाप्रमाणे तो बरोबर होता, त्यामुळे हक्कानं मागता येत नव्हता. पण एकाच महिन्याच्या हप्त्यासाठी दोनदा दंड लागला, हे मी साहेबांपुढं मांडलं. त्यांनी ऑक्टोबरचे एक 295 परत जमा करायला मंजुरी दिली. बाकीचे 590 गेले ते गेले.

2 डिसेंबरला मशीनचा हप्ता नीट गेला. 5 तारखेला सकाळी मी आल्याआल्या मावशींचं खातं उघडलं. मागणी आली होती आणि परत गेली होती, कारण शिल्लक कमी हे नव्हतं, मँडेट रद्द हे होतं. खात्यावर दंडाची बाकी चढली नव्हती. 8 तारखेला पुन्हा पाहिलं, तर मागणीच आली नव्हती.

पुढच्या गुरुवारी मावशी बाजाराची पिशवी घेऊन खिडकीशी आल्या. पोराच्या फोनवर कंपनीचा मेसेज आला होता म्हणे, पैसे भरा नाही तर सभासदत्व बंद होईल.

"होऊ द्या बंद," मी म्हणाले.

"थे तं झालंच जी. पन आता लाडक्या बहिनीचे पुरे पंधराशे येतीन ना हातात?"

बाकी काही राहिली आहे का, ते मी परत एकदा पाहून घेतलं. काही नव्हतं.

"येतील."