दोन ओळींची दुरुस्ती आणि तिच्यामागचा खुलासा

जर्मनीत आल्यापासून इथल्या लोकांच्या लिहून ठेवण्याच्या हौसेची मला सवय झाली आहे, असा माझा समज होता. जिन्याची झाडलोट कोणत्या आठवड्यात कोणी करायची याचे पत्रक दारावर लागते, ते मी स्वीकारले. पण आपल्या वाचनालयाच्या प्रणालीतली एक चालती, तपासलेली, दोन ओळींची दुरुस्ती केवळ तिच्या कमिट मेसेजमध्ये, म्हणजे बदलासोबत जोडायच्या टिपणात, पुरेसा खुलासा नाही म्हणून परत आली, तेव्हा मला राग आला, आणि तो काही दिवस टिकला.

बेळगाव, खानापूर आणि निपाणी या भागातल्या काही वाचनालयांसाठी आमच्या ओळखीतल्या मुलामुलींनी सभासदांची आणि पुस्तकांच्या देवघेवीची एक छोटी प्रणाली लिहिली आहे. कोडचे बरेचसे काम बेळगावात माझी भाची पाहते. माझ्या कार्यालयातली एक ज्येष्ठ सहकारी केवळ आवड म्हणून आमचे बदल तपासून देते. तिला मराठी येत नाही. मेसेज आम्ही मराठीतच लिहितो आणि मी ते तिला जर्मनमध्ये सांगतो. ही व्यवस्था कोणाला विचित्र वाटेल, पण ज्यांना ती प्रणाली पुढे सांभाळायची आहे त्यांच्या भाषेत तिचा इतिहास असावा, हे मला योग्यच वाटते.

तक्रार एका वाचनालयातून आली होती. कुऱ्हाडे आडनावाचे एक सभासद पुस्तक बदलायला आले, ग्रंथपालांनी नाव टाइप केले आणि पडद्यावर एकही नोंद आली नाही. सभासदांच्या हातातल्या कार्डावर मात्र नेमके तेच नाव, तशाच अक्षरांत छापलेले होते. ग्रंथपालांनी त्यांची नवी नोंद केली, आणि जुन्या नोंदीवर दोन पुस्तके येणे राहिली ती तशीच राहिली.

या चुकीचे मूळ 'ऱ्ह' या जोडाक्षरात आहे. आपल्याला पडद्यावर जो अर्धा, पापणीसारखा र दिसतो, तो संगणकात तीन वेगवेगळ्या प्रकारे साठवलेला असू शकतो. पहिल्या प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर असते आणि पुढे हलन्त. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह j दाबल्यावर हाच ऱ मिळतो. दुसऱ्या प्रकारात साधा र, त्याखाली नुक्ता आणि मग हलन्त असतो. तिसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि त्यानंतर U+200D हे न दिसणारे एक जोडचिन्ह असते. युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणकाच्या जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ही पद्धत अजून मान्य आहे. आमच्याकडे तिसरा प्रकार जुन्या फॉन्टमधून रूपांतर करून आणलेल्या सभासद यादीतून आला होता. ग्रंथपाल टाइप करत होते तो पहिला प्रकार. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन निरनिराळे शब्द वाटतात.

येथे एक सोपी वाट दिसते आणि बरेच जण तिथेच थांबतात. युनिकोडमध्ये एकाच अक्षराची पर्यायी रूपे एकसारखी करून घेण्याची एक ठरलेली प्रक्रिया आहे, तिला NFC म्हणतात. ती पहिला आणि दुसरा प्रकार एक करते, कारण प्रमाणकानुसार ते दोन्ही समतुल्य आहेत. तिसऱ्या प्रकाराला ती हातही लावत नाही. म्हणून केवळ NFC लावून चाचणीसाठी दुसऱ्या प्रकारातले नाव घेतले, तर चूक सुधारली असे वाटते आणि कुऱ्हाडे यांची नोंद तरीही सापडत नाही.

भाचीने हे सगळे ओळखले होते. नावावरून तुलनेची किल्ली बनवणारे तिचे शोधाचे फंक्शन असे होते:

```python
def shodh_key(s):
    s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
    s = s.replace("\u200d", "")
    return unicodedata.normalize("NFC", s)
```

यातली पहिली ओळ आणि NFC ची ओळ नवी होती, मधली आधीपासून होती. मेसेजमध्ये तिने 'कुऱ्हाडे शोध दुरुस्त' एवढेच लिहिले होते. सहकारीने बदल परत पाठवला आणि तीन गोष्टी विचारल्या: नाव सापडत का नव्हते, या ओळींनी ते का सापडते, आणि ते सापडते हे तुम्ही कशावरून म्हणता. मी फोन केला तेव्हा भाची म्हणाली, "मामा, कोड चालतंय की. आणि काय लिहायचं?" खरे सांगायचे तर त्या क्षणी मी भाचीच्या बाजूचा होतो. आपल्याकडे असे काही अडले तर माणूस फोन उचलतो, पलीकडचा चहा पिता पिता पाच मिनिटांत सगळे समजावून देतो, आणि त्या सांगण्यात जे बारकावे येतात ते कागदावर क्वचितच उतरतात. शिवाय दर्या आणि दऱ्या यांतला फरक बेळगावातल्या कोणत्याही मराठी शाळकरी मुलाला समजवावा लागत नाही. ज्या बाईला तो फरक दिसत नाही तिच्यासाठी आम्ही पानभर का लिहावे, असे मी मनात म्हणालो. मोठ्याने बोललो नाही.

पण सहकारीचा आणखी एक प्रश्न अडचणीचा निघाला. तिने विचारले, की मधली ओळ कशासाठी आहे? जोडचिन्ह सरसकट पुसून टाकणारी तीच ओळ तर सगळ्या घोटाळ्याचे कारण दिसते, मग ती तशीच का ठेवली? याचे उत्तर भाचीजवळ नव्हते, कारण ती ओळ तिने लिहिलेलीच नव्हती. मग आम्ही बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधला इतिहास उकरला:

```
git log -S'\u200d' -- shodh.py
```

ही आज्ञा फाइलमध्ये तो मजकूर ज्या कमिटमध्ये आला किंवा गेला, तेवढ्याच कमिट दाखवते. कमिट सापडली. तिचा मेसेज होता 'शोध सुधारला'. ज्याने ती केली तो मुलगा आता दुसऱ्या शहरात नोकरीला आहे, आणि फोनवर बोलला खरा, पण त्याला काही आठवेना. फोनवरच्या संस्कृतीची मी जी बाजू घेत होतो, तिला इथे मर्यादा पडते हे मला मान्य करावे लागते, जरी तो मुलगा आठवणीचा पक्का असता तर निर्णय वेगळा लागला असता असे मी अजूनही म्हणेन.

शेवटी भाचीने ती ओळ काढून जुन्या यादीची प्रत चालवून पाहिली. इतर ठिकाणांहून चिकटवलेल्या काही नावांच्या शेवटी ते अदृश्य चिन्ह निरुपयोगी लटकलेले होते, आणि ओळ काढताच ती नावे सापडेनाशी झाली. म्हणजे ओळ आवश्यक होती, फक्त ती आधी चालून पापणीच्या र चाही आधार काढून घेत होती. तिसऱ्या प्रकारातले जोडचिन्ह पुसले की उरतो तो साधा र आणि हलन्त, म्हणजे रफार. त्यामुळे कुऱ्हाडे सापडत नव्हते, आणि उलट बाजूने दर्या शोधल्यावर दऱ्या हा शब्द असलेले पुस्तकही समोर येत होते, ज्याची तक्रार कोणी केलीच नव्हती. त्या प्रश्नामुळे दुसरी चूक हाती लागली, एवढे श्रेय मी सहकारीला देतो.

त्यानंतर जो मेसेज झाला तो असा:

```
शोध: ऱ्ह, ऱ्य असलेली नावे सापडावीत

कारण: अर्धा ऱ तीन प्रकारे साठवलेला असतो:
  U+0931 U+094D
  U+0930 U+093C U+094D
  U+0930 U+094D U+200D
शोधापूर्वी U+200D सरसकट पुसला जाई. त्यामुळे
तिसऱ्या प्रकाराचा रफार होई: कुऱ्हाडे सापडत
नसे आणि दर्या, दऱ्या एकच ठरत.

बदल: तिसरा प्रकार आधी पहिल्यात बदलतो, मग उरलेला
U+200D पुसतो, शेवटी NFC. हा क्रम उलटा करू नये.
U+200D पुसणे ठेवले आहे; चिकटवलेल्या नावांच्या
शेवटी तो असतो. साठवलेली नावे बदललेली नाहीत.

पडताळणी: तिन्ही प्रकारांची किल्ली एक येते, दर्या
व दऱ्या यांची वेगळी येते; या चाचण्या जुन्या
कोडवर नापास, नव्यावर पास. यादीच्या प्रतीवर 11
जोड्या नव्याने जुळल्या: 9 दुबार नोंदी, 2 जोड्या
एकाच नावाच्या वेगळ्या व्यक्तींच्या.
```

पहिली ओळ आखूड आणि तिच्यानंतर एक रिकामी ओळ, ही गिटची रीत आहे. गिट त्या पहिल्या परिच्छेदालाच शीर्षक मानते, आणि `git log --oneline` मध्ये तेवढेच दिसते. म्हणून तिथे एका सभासदाचे आडनाव न लिहिता कोणत्या प्रकारची नावे सापडावीत ते लिहिले. यादी चाळणारा माणूस पुढे वऱ्हाडे किंवा बिऱ्हाडे अडले म्हणून शोधत आला, तरी तो इथेच पोहोचेल.

पडताळणीच्या परिच्छेदावर सहकारीचा सर्वांत जास्त आग्रह होता, आणि इथे मी तिच्याशी पूर्ण सहमत झालो. भाचीने आधी 'तपासले, चालते' असे लिहिले होते. चाचणी नव्या कोडवर पास होते, एवढ्याने ती या चुकीला पकडते हे सिद्ध होत नाही. जुन्या कोडवर ती नापास झाली पाहिजे. भाचीने दुरुस्ती क्षणभर बाजूला ठेवून चाचण्या चालवल्या, तेव्हा दुसऱ्या प्रकाराची एक चाचणी जुन्या कोडवरही पास झाली. पाहिले तर तिच्या टेक्स्ट एडिटरने तो मजकूर साठवताना आधीच पहिल्या प्रकारात आणला होता. तेव्हापासून चाचण्यांमध्ये अक्षरे न लिहिता `\u0930\u093c\u094d` असे आकडेच लिहायचे ठरले.

एक मर्यादा मेसेजच्या शेवटी नंतर जोडली, आणि ती सुचली ती वाचनालये सीमाभागात असल्यामुळेच. या वाचनालयांत कन्नड पुस्तकेही आहेत. रँक हा शब्द कन्नडात लिहिताना र नंतर तेच जोडचिन्ह येते आणि हलन्त त्याच्या मागून येतो, म्हणजे क्रम मराठीच्या उलटा. आमची पहिली ओळ फक्त देवनागरी र वर चालते, पण दुसरी ओळ कन्नडातलेही जोडचिन्ह पुसते. त्यामुळे कन्नडातली जोडचिन्ह असलेली आणि नसलेली अशी दोन्ही लेखने शोधात एक ठरतात. शोध थोडा सैल होतो, पण पुस्तक हरवत नाही, म्हणून ते तसेच ठेवले आहे असे स्पष्ट लिहिले. हे सहकारीला समजावताना मला दोन लिप्या काढून दाखवाव्या लागल्या, आणि ती बराच वेळ कागदाकडे पाहत होती. मला, का लपवू, थोडा अभिमान वाटला.

आता तिचा पुढचा प्रश्न आला आहे: साठवलेली नावेच एकदा पहिल्या प्रकारात का बदलून टाकत नाही? भाचीचे म्हणणे असे, की त्या 11 जोड्यांतल्या 2 जोड्या वेगळ्या व्यक्तींच्या आहेत आणि येणे असलेली पुस्तके कोणाच्या नावावर टाकायची हे ग्रंथपालांनी पाहून ठरवायचे आहे, तेव्हा तो बदल वेगळ्या कमिटमध्ये, वेगळ्या मेसेजसह जाईल. तिने मसुदा पाठवला आहे. त्यात कारण आणि बदल आहे, पडताळणीची जागा अजून रिकामी आहे, कारण निपाणीहून यादी तपासून यायची आहे.