तुम्ही विचारलंत म्हणून: कॉफीतलं जांभूळ

"त्या कॉफीत तुम्हाला जांभूळ, संत्रं खरंच लागतं की उगाच लिहिता? आम्हाला तर नुसती कॉफीच लागते."

उगाच लिहीत नाही. एकदा मात्र लिहिलं होतं, तेही सांगून टाकतो.

चिकमगळूरचा लॉट होता, फळासकट वाळवलेला. रीतीप्रमाणे पाच कप मांडले. प्रत्येकात सव्वाआठ ग्रॅम बिया, कपागणिक वेगळ्या मोजून वेगळ्या दळलेल्या, वर दीडशे मिली पाणी, उकळीच्या जरा खालचं. चार मिनिटांनी वर आलेला चोथ्याचा थर चमच्याने मोडला, नाक कपाला लावलं. जांभूळ! थर काढून टाकला, थोडं निवल्यावर भुरका मारला. (भुरका हवाच. कॉफी तोंडभर उडते आणि वास घशामागून नाकात चढतो. बशीतला चहा ओरपणाऱ्या आजोबांना आम्ही उगीच हसायचो.) दोन कप चाखले, पाचांचे गुण देऊन टाकले.

अर्ध्या तासाने सरांनी परत बोलावलं. कप गार झाले होते.

"आता चौथा घे."

सडक्या फळाचा, व्हिनेगरसारखा वास. "मघाशी गरम होता तेव्हा छान होता," मी म्हणालो. खरं तर चौथा मी चाखलाच नव्हता.

"कुजकी बी एखाद्याच कपात जाते," सर म्हणाले. "नाहीतर पाच कप कशाला मांडले असते?"

तो लॉट खरेदीला जवळजवळ गेलाच होता.

तेव्हापासून आंबटपणाला मी घाबरूनच असतो. चांगला आंबटपणा जबड्याच्या कडांना पाणी आणतो आणि विरतो. वाईट आंबटपणा घशाशी चिकटून बसतो, कप निवेल तसा वाढतो. म्हणून एकच कप गरम, कोमट आणि गार असा तीनदा चाखायचा. जडपणाला चव नसते. जीभ टाळूला घासून बघा: साय काढलेलं दूध आणि म्हशीचं दूध यांत जो फरक, तोच. शिकायचं असेल तर मान्सून्ड मलबार, म्हणजे पावसाळी वाऱ्यात मुरवलेली कॉफी घ्या. जडपणा भरपूर, आंबटपणा नावालाच. शेजारी धुतलेली, म्हणजे फळाचा गर धुऊन मग वाळवलेली अरेबिका ठेवा, वेगळं सांगावं लागणार नाही.

गोडव्याचं मात्र मला स्वतःलाच नीट पटलेलं नाही. भाजताना बीमधली साखर जवळजवळ सगळी जाते. मग मी गुण कशाला देतो? बहुधा वासाला, आणि कडूपणा बोचत नाही याला. कोमट कपात तो जास्त कळतो, एवढं खरं.

आणि जांभूळ? त्याच लॉटच्या चांगल्या कपांसमोर सरांनी 'ब्लूबेरी' लिहिलं होतं. मी ब्लूबेरी तोवर खाल्लीच नव्हती. नंतर खाल्ली. मला अजूनही ते जांभूळच वाटतं.