सात वेळा पिसल्यावरही काय उरतं

"मॅडम, नवा कॅट फोडला की तो नक्की किती वेळा पिसायचा? आम्ही तर दोन-तीनदा फर्रर्र करून वाटायला घेतो. तेवढ्याने काय बिघडतं?"

सात वेळा पिसा. घरगुती खेळाला तेवढं पुरतं. मी संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे वर्गात, सोसायटीच्या गणपतीत रात्री जागताना आणि क्वचित लोकलमध्येही हा प्रश्न माझ्याकडे येतो. सात हा आकडा बऱ्याच जणांनी कुठेतरी ऐकलेला असतो. तो कुठून आला आणि सात वेळा पिसल्यावर पत्ते कितपत मिसळलेले असतात, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपण 'फर्रर्र' पिसतो तेव्हा दोन गोष्टी करतो. कॅट साधारण मधोमध कापून दोन गठ्ठे करतो आणि अंगठ्यांनी कडा सोडत ते एकमेकांत मिसळतो. दादरच्या पुलावर दोन जिन्यांवरून आलेल्या रांगा एक होतात ना, तसं हे मिसळणं असतं. कोण कोणाच्या मध्ये घुसेल याचा नेम नसतो, पण एका जिन्यावरून येणारे आपापसातला पुढे-मागे क्रम सोडत नाहीत. पुढचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे. एका गठ्ठ्यातले पत्ते एकमेकांपासून लांब जातात, पण त्यांचा आपसातला क्रम उलटत नाही.

बदामचे एक्क्यापासून दश्शीपर्यंतचे दहा पत्ते घेऊन बघा. सुरुवातीचा क्रम 1 ते 10. पाच-पाचचे दोन गठ्ठे करून पिसले आणि समजा असा क्रम आला:

6 1 2 7 3 8 9 4 5 10

दिसायला विस्कटलेला आहे. आता एक्का शोधा आणि तिथून उजवीकडे जात 2, 3, 4 असे पुढचे पत्ते मिळतात का ते बघा. 5 पर्यंत मिळतात, 6 मात्र मागे राहिलेला असतो. मग 6 पासून पुन्हा सुरू करा, थेट 10 पर्यंत जाता येतं. म्हणजे या विस्कटलेल्या रांगेत दोन अखंड चढत्या साखळ्या लपलेल्या आहेत. आता हीच रांग पुन्हा पाच-पाच अशी कापून पिसली आणि हा क्रम आला:

8 6 1 9 2 4 7 5 3 10

साखळ्या मोजा: 1-2-3, मग 4-5, मग 6-7, मग 8-9-10. चार झाल्या. एकदा पिसलं की साखळ्या फार तर दुप्पट होतात, त्याहून जास्त कधीच होत नाहीत, मग पिसणारा कितीही निष्णात असो.

आता 52 पत्त्यांकडे या. नवा कॅट म्हणजे एकच साखळी. एकदा पिसल्यावर जास्तीत जास्त 2, मग 4, 8, 16 आणि पाचव्या वेळी 32. उलट, पत्ते खरोखर कसेही पडलेले असतील, म्हणजे प्रत्येक क्रमाची शक्यता सारखी असेल, तर सरासरी साडेसव्वीस साखळ्या सापडतात आणि त्यात साधारण दोनाचा चढउतार असतो. चारदा पिसून 16 च्या वर जाताच येत नाही, त्यामुळे ज्याला नव्या कॅटचा मूळ क्रम माहीत आहे तो असा कॅट पाहून बेधडक सांगेल की हा नीट पिसलेला नाही. पाचव्या वेळेला मर्यादा 32 असली तरी प्रत्यक्षात सरासरी साडेएकोणीसच्या आसपास साखळ्या होतात. सहाव्या वेळेला 23 आणि सातव्या वेळेला पावणेपंचवीसच्या जवळपास. साडेसव्वीस तेव्हाही गाठलेले नसतात, पण नेहमीच्या चढउतारात फरक झाकला जाईल इतके आपण जवळ पोचलेलो असतो.

याच साखळ्यांच्या आधारावर डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या दोन गणितज्ञांनी 1992 मध्ये नेमका हिशोब मांडला. पिसण्याचं जे प्रारूप त्यांनी वापरलं ते त्याआधी गिल्बर्ट, शॅनन आणि रीड्स यांनी मांडलेलं होतं. कॅट मधोमध किंवा दोन-चार पत्ते इकडेतिकडे कापला जातो, आणि ज्या गठ्ठ्यात जास्त पत्ते उरलेत त्यातून पुढचा पत्ता सुटण्याची शक्यता त्याच प्रमाणात जास्त असते. तुमच्याआमच्यासारख्या साध्या हातांचं पिसणं साधारण असंच असतं.

त्यांनी विचारलेला प्रश्न असा: पिसलेल्या कॅटबद्दल तुम्ही कोणतंही भाकीत करा, त्याची शक्यता पूर्ण मिसळलेल्या कॅटच्या तुलनेत जास्तीत जास्त किती चुकू शकते? पहिल्या चार वेळांपर्यंत उत्तर जवळजवळ 100 टक्के येतं. पाच वेळांनंतर 92, सहानंतर 61, सातनंतर 33, आठनंतर 17 आणि दहानंतर 4 टक्के. पाचपर्यंत फारसं काही घडत नाही, मग एकदम घसरण सुरू होते, आणि सातच्या पुढे प्रत्येक वेळी चूक जवळपास निम्मी होते. 'सात' हा आकडा आला तो इथून. घसरण तिथे नजरेत भरते, पण ती तिथे संपत नाही.

33 टक्के म्हणजे किती, हे एका खेळावरून चांगलं कळतं. पीटर डॉयल या गणितज्ञाने एकट्याने खेळायचा एक डाव रचला. सुरुवातीच्या कॅटमध्ये दोन रंग एक्क्यापासून राजापर्यंत चढत लावलेले असतात आणि उरलेले दोन राजापासून एक्क्यापर्यंत उतरत. सात वेळा पिसायचं आणि एकेक पत्ता उलटत जायचं. प्रत्येक रंगाचा ढीग एक्क्यापासून राजापर्यंत क्रमानेच चढवायचा, जो पत्ता बसत नाही तो बाजूला. कॅट संपला की बाजूचे पत्ते त्याच क्रमाने पुन्हा हातात घ्यायचे. ज्या जोडीचे दोन्ही ढीग आधी पुरे होतील ती जिंकली. कॅट पूर्ण मिसळलेला असेल तर दोन्ही जोड्यांना निम्मी-निम्मी संधी हवी. प्रत्यक्षात सात वेळा पिसल्यावर मूळची चढती जोडी सुमारे 80 टक्के वेळा जिंकते. तिच्यात अजून तुकड्यातुकड्याने चढता क्रम शिल्लक असतो, त्यामुळे तिला कमी फेऱ्या लागतात. दुसऱ्या जोडीत उरलेला क्रम उलटा असतो, तो तिला आडवा येतो.

मात्र हा डाव मुद्दाम त्या उरलेल्या क्रमाला पकडण्यासाठीच रचलेला आहे. रमीत किंवा तीन पत्तीत कुणी मूळ क्रमाच्या साखळ्या मोजत बसत नाही. म्हणून घरच्या खेळाला सात पुरतात असं मी म्हणते. पैसे लावून खेळणाऱ्यांना मात्र मी दहा सांगते.

आता दोन-तीनदा पिसल्याने काय बिघडतं ते. बदाम सात खेळून झाल्यावर पत्ते कसे पडलेले असतात आठवा: चार रंग, प्रत्येकाची क्रमाने लावलेली रांग. त्या चार रांगा गोळा करून एकावर एक ठेवल्या की हातात जवळजवळ नवा कॅटच येतो. तो न पिसता चौघांत एकेक पत्ता वाटला तर काय होतं? बदामच्या तेरा पत्त्यांतले चार पहिल्या भिडूला जातात आणि बाकीच्यांना तीन-तीन. पुढच्या रंगाचे चार दुसऱ्याला, त्यापुढच्याचे तिसऱ्याला, शेवटच्याचे चौथ्याला. म्हणजे चौघांच्याही हातात एका रंगाचे चार आणि बाकी तिन्ही रंगांचे तीन-तीन, अगदी नियमाने. नीट मिसळलेल्या कॅटमधून एखाद्या भिडूला असा सपाट हात येण्याची शक्यता फक्त साडेदहा टक्के असते. अर्धवट पिसलेला कॅट या सपाटपणाकडे झुकतो. तुमच्याकडे डावामागून डाव सगळ्यांचे हात असे समसमान येत असतील, कुणाकडेच एका रंगाचे सहा-सात पत्ते येत नसतील, तर पिसणं कमी पडतंय असं समजा.

हे सगळं फर्रर्र पिसण्याबद्दल झालं. आपल्याकडे बहुतेक घरांत पिसतात ते वेगळं: कॅट एका हातात धरायचा आणि दुसऱ्या हाताने थोडे थोडे पत्ते उचलून पुढे टाकत जायचं. समजा एका खेपेत कॅटचे आठ तुकडे झाले. तर पत्त्यांमधले 51 सांधे होते त्यातले फक्त 7 तुटले, उरलेल्या 44 ठिकाणी शेजारी पत्ते तसेच चिकटून राहिले. या पद्धतीने तेवढंच मिसळायचं तर खेपांचा आकडा हजारोंच्या घरात जातो, म्हणून सात वेळांचा नियम तिला लावू नका. शेवटी उजवीकडचा भिडू पत्ते काटतो त्यानेही मिसळण्यात काही भर पडत नाही. वरचा भाग खाली गेला, एवढंच. पिसणाऱ्याने तळाचा पत्ता पाहिला असेल तर त्यावर तो उपाय आहे, म्हणून काटायचं जरूर.

आणि फार सफाईनेही पिसू नका. बरोबर 26-26 कापून एकाआड एक पत्ता अचूक सोडणारे जादूगार असतात. वरचा पत्ता वरच ठेवून तसं आठ वेळा केलं तर कॅट मूळ क्रमाने परत येतो. तुमच्या हातून कधी दोन पत्ते एकदम सुटतात, कधी तीन, कधी गठ्ठे लहानमोठे होतात. मिसळण्याचं काम तोच अनियमितपणा करतो.

ज्यांना फर्रर्र पिसता येत नाही, लहान मुलं किंवा बोटं दुखणारे आजी-आजोबा, त्यांनी पत्ते चटईवर पालथे पसरून दोन्ही तळव्यांनी मिनिटभर गोल गोल ढवळावेत आणि गोळा करावेत. डायकोनिसने ही पद्धतही तपासली आहे, आणि मिनिटभर ढवळल्यावर पत्ते चांगले मिसळलेले आढळतात. सवंगड्यांनी हात आखडता घेतला तर त्यांना सांगा, पंधरा सेकंदांत थांबायचं नाही.