इंदूरची रात्रपाळी आणि आमच्या गावचे झाडलोटीचे बीट

इंदूरला रस्ते बघायला जायचं असेल तर दिवसा जाऊन काही कळत नाही. दिवसा दिसतात ते झाडून झालेले रस्ते. काम बघायचं तर रात्री अकरानंतर बाहेर पडायचं आणि उजाडेपर्यंत परतायचं नाही. आमची नगरपरिषद लहान, गाव आग्रा रोडवरचं. रस्ता झाडायचं यंत्र घ्यायचं ठरत होतं, म्हणून आम्ही दोघं स्वच्छता निरीक्षक आणि एक मुकादम असे तिघं गेलो. पुढे कोणी जाणार असेल त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो.

मुख्याधिकाऱ्यांचं पत्र तिथल्या महापालिकेला आधी पाठवा. नुसतं ‘अभ्यासदौरा’ असं लिहिलं की सभागृहात बसवून सादरीकरण दाखवतात. ‘रात्रपाळीतील यांत्रिक झाडलोट प्रत्यक्ष पाहणे, लॉगबुक पाहणे, वर्कशॉप पाहणे’ असं स्पष्ट लिहा. मुक्काम सरवटे बसस्टँडच्या आसपास केलात तर राजवाडा रिक्षाने जवळ पडतो. दुपारी झोप काढा. हिवाळ्याच्या शेवटी किंवा उन्हाळ्यात जा. पावसाळ्यात ओल्या चिखलापुढे कुठलंच यंत्र धड चालत नाही, त्यामुळे बघण्यासारखं फार नसतं. रंगपंचमीची गेर म्हणजे रंगांची मिरवणूक बघून मागोमाग होणारी सफाई बघता येते, पण तो एका दिवसाचा पराक्रम. आपल्याला रोजचं काम बघायचं आहे.

राजवाड्याजवळच्या सराफ्यापासून सुरुवात केली. दिवसा सोन्याचांदीची पेढी, रात्री खाऊगल्ली. भुट्ट्याचा किस खाऊन झाल्यावर मुकादम म्हणाला, आता इथे यंत्र कसं आणतात ते बघू. यंत्र आलंच नाही, आणि ते बरोबर होतं. गल्ली अरुंद, ओट्यांच्या कडा वेड्यावाकड्या, खाली द्रोण, काड्या, तेलकट कागद. खाणारे पांगले तसे सफाई कामगार खराटे आणि ढकलगाड्या घेऊन आले. शेवटच्या गाड्याने पाठ फिरवली की काम सुरू. बाजाराच्या रस्त्याची वेळ बाजार ठरवतो, हजेरीपुस्तक नाही. आमच्याकडे भाजीबाजार पहाटे सहाला झाडतात आणि सातला भाजीचे ट्रक उतरतात. म्हणजे रोज झाडलेल्यावर पुन्हा कचरा.

यंत्र दिसलं ते रुंद, दुभाजक असलेल्या रस्त्यावर. ट्रकवर बसवलेलं, बाजूला फिरणारे गोल ब्रश, खाली ओढून घेणारं तोंड, धूळ उडू नये म्हणून पाण्याचे फवारे. आम्ही मोटारसायकलने मागे राहिलो. ब्रश खाली असताना वेग जेमतेम ताशी पाच-सहा किलोमीटर, म्हणजे जरा भरभर चालणाऱ्या माणसाइतका. यापेक्षा वेगात गेलं तर वाळू कडेलाच राहते.

इथेच आमचा सगळा हिशोब बदलला. धूळ रस्त्याच्या मधोमध राहत नाही. वाहनांच्या वाऱ्याने ती कर्बस्टोनच्या कडेला जाते आणि तिथेच साचते. यंत्र ती कडा साफ करतं. दुभाजक असलेल्या रस्त्याला डावी-उजवी बाहेरची कडा आणि दुभाजकाच्या दोन, अशा चार कडा असतात. म्हणजे एक किलोमीटर रस्ता यंत्राला चार किलोमीटर पडतो. विक्रेता ‘रोज इतके किलोमीटर’ सांगतो ते रस्त्याचे की कडेचे, हे पहिल्यांदा विचारा. आम्ही तोवर रस्त्याचेच धरत होतो.

माणसांच्या मापातही हाच घोटाळा आहे. केंद्र सरकारच्या घनकचरा मार्गदर्शिकेत एका कामगारामागे दाट वस्तीत २५० ते ३५०, मध्यम वस्तीत ४०० ते ६०० आणि विरळ वस्तीत ६५० ते ७५० मीटर रस्ता असा अंदाज दिलेला आहे. तो आकडा तसाच उचलून सगळ्या रस्त्यांना लावला की गडबड होते. साध्या रस्त्यावर ५०० मीटर म्हणजे दोन कडा, एक किलोमीटर झाडणं. दुभाजकाच्या रस्त्यावर तेच ५०० मीटर म्हणजे दोन किलोमीटर, आणि त्यात वाहनांच्या मधून दुभाजकाला जाणं. बीट म्हणजे एका कामगाराला नेमून दिलेला रस्ता. एकाच मापाचे दोन बीट, एकाला दुप्पट काम. मग त्या बीटवर कोणी टिकत नाही आणि आपण कामगाराला दोष देतो.

परत आल्यावर आमच्या गावाचा हिशोब मांडला तो असा. मुख्य रस्ते १४ किलोमीटर. त्यातले ५ किलोमीटर दुभाजकाचे, म्हणजे २० किलोमीटर कडा. ३ किलोमीटर साधे पण कर्बस्टोन नीट असलेले, म्हणजे ६ किलोमीटर कडा. उरलेल्या ६ किलोमीटरला कुठे बाजार, कुठे मातीच्या साइडपट्ट्या. तिथे यंत्र घालायचंच नाही. मातीच्या पट्टीवर ब्रश फिरला की तो पट्टीच खरवडून आत भरतो आणि टाकी मुरमाने भरून परत येते.

आता रात्रीची आठ तासांची पाळी. तपासणी आणि पाणी भरायला अर्धा तास. रस्त्यावर पोचायला आणि परत यायला मिळून अर्धा. भरलेली टाकी रिकामी करायच्या दोन खेपा, सव्वा तास. जेवण अर्धा तास. शेवटी यंत्र आतून धुवायला पाऊण तास; हे टाळलं की आत चिखल दगडासारखा बसतो. साडेतीन तास गेले, ब्रश खाली राहायला उरले साडेचार. ताशी पाच किलोमीटरने साडेबावीस होतात, पण चौक, वळणं, उभ्या गाड्या यांत पाचवा भाग सहज जातो. राहिले १८ किलोमीटर कडा.

कागदावर आम्ही आधी बरोबर १८ बसवले होते: बाहेरच्या कडा १० रोज, दुभाजकाच्या १० एक दिवसाआड, साध्या रस्त्यांच्या ६ एक दिवसाआड. इंदूरच्या वर्कशॉपमधल्या फोरमनचं म्हणणं होतं की काठोकाठ भरलेला कार्यक्रम पहिल्या बिघाडाला कोसळतो आणि मग चालक आपल्या मनाने रस्ते गाळतो. म्हणून दुभाजकाच्या आणि साध्या रस्त्यांच्या कडा आठवड्यातून दोनदा केल्या आणि सातवी रात्र दुरुस्तीला ठेवली. सहा रात्रींत सरासरी १५ किलोमीटर पडतात. हे निभतं.

त्या ५ किलोमीटर दुभाजकाच्या रस्त्याला हाताने झाडायचं तर माणशी २५० मीटर धरून वीस माणसं लागली असती. यंत्र आलं म्हणून वीस मोकळी होत नाहीत. दिवसभर पडणारे कागद, बाटल्या, बसथांब्याचा कचरा, शहाळी हे यंत्राचं काम नाही. शहाळं तर तोंडात अडकून नळी बंद करतं. किलोमीटरला एक याप्रमाणे पाच माणसं दिवसा त्या रस्त्यावर फिरती लागतातच. उरलेली पंधरा आतल्या गल्ल्यांना द्यायची, जिथे आठवड्यातून एकदा झाडू फिरतो. ही पंधरा माणसं कमी करून यंत्राचा खर्च काढायचा असा कुणाचा विचार असेल तर गल्ल्या बघून या म्हणावं.

बीट आखताना नकाशावर रेघा मारू नका, चाकाचा टेप घेऊन चाला. तिथल्या एका दरोग्याने (आपल्याकडच्या मुकादमासारखाच) सांगितलेली गोष्ट आमच्याकडे तंतोतंत लागू पडली: हजेरीची जागा लांब असली की बीट आपोआप छोटं होतं. हजेरी शेडपासून बीट सव्वा किलोमीटरवर असेल तर ढकलगाडी घेऊन जायला पंचवीस मिनिटं, यायला पंचवीस. सकाळच्या चार तासांतला जवळजवळ एक तास चालण्यात. आम्ही तीन बीटची हजेरी आता बीटवरच घेतो, मुकादम तिथे जातो.

दुसरं म्हणजे ढकलगाडी रिकामी कुठे करायची. तीसचाळीस लिटरचे चार ते सहा डबे असतात; झाडांच्या रस्त्यावर पानगळीत ते पहिल्या दोनशे मीटरमध्ये भरतात. कचरा देण्याची जागा अडीचशे मीटरच्या पलीकडे असली की कामगार कोपऱ्यात ढीग लावतो, पेटवतो, नाहीतर गटारात लोटतो. हे ओळखायला गटाराच्या जाळ्या बघा. रस्ता चकाचक आणि जाळीखाली ताजी पानं, म्हणजे ट्रॅक्टरची वेळ चुकते आहे.

यंत्राचं काम तपासायचा साधा उपाय तिथेच शिकलो. यंत्र गेल्यावर दहा मीटर कडा खडूने आखायची, हाताने झाडायची, निघालेली वाळू वजन करायची. कर्बस्टोनचे सांधे सरळ होते तिथे मूठभर निघाली. एक दगड बाहेर सरकलेला होता त्याच्या मागे घमेलंभर. ब्रशचे दात एका बाजूला वाकले असतील तर कडेपासून वीतभर अंतरावर वाळूची सलग रेघ राहते. मागे धुळीचा लोट दिसला तर फवाऱ्यांची छिद्रं बुजली आहेत किंवा पाणी संपलं आहे. आणि पाणी अर्ध्या पाळीतच संपतं, म्हणून भरायची जागा रस्त्याच्या जवळ हवी.

ठेकेदारी पद्धतीने घेणार असाल तर पैसे किलोमीटरवर देऊ नका. जीपीएसला गाडी फिरलेली दिसते, ब्रश खाली होता की वर हे दिसत नाही. ओढणाऱ्या पंख्याच्या वेगळ्या इंजिनाला तासांचं मीटर असतं. त्याचं रोजचं वाचन आणि काट्यावरचं टाकीचं वजन, दोन्ही लॉगबुकात घ्या. तास भरले आणि वजन नाही, तर टाकी रिकामीच फिरली. वजन भरपूर आणि तास थोडे, तर कुठेतरी फावड्याने माती भरली आहे. दोन्ही प्रकार घडतात असं आम्हाला तीन वेगवेगळ्या माणसांनी हसत हसत सांगितलं.

आमची निविदा अजून निघायची आहे. त्याआधी दुभाजकाच्या पाच किलोमीटरवरचे सरकलेले कर्बस्टोन बसवायचं काम बांधकाम विभागाकडे दिलं आहे, आणि स्टेशन रोडला रात्री अकरानंतर कडेला गाड्या लावू नयेत म्हणून पोलिसांना पत्र गेलं आहे. ही दोन्ही झाली नाहीत तर यंत्राची निविदा थांबवावी अशी टिपणी मी फाइलवर लिहिली आहे.